गाडीतळावरची आग आणि पाच वाक्यं

अकोटच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, त्याच हिवाळ्यात मला आमच्या जत्रेच्या समितीत घेतलं. ही गोष्ट १९५८ सालची. समितीला एक बी.एस्सी. हवा होता. तो कशासाठी, हे कुणाला माहीत नव्हतं. अध्यक्ष महादेवरावांना वाटलं, मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करीन. मला वाटलं, ते माझं ऐकतील. दोघंही चुकलो.

महाराजांची ही जत्रा नदीकाठच्या पट्टीवर भरायची. पश्चिमेला गाडीतळ, म्हणजे हजारेक बैलगाड्या आणि त्यांच्या कडब्याच्या गंजी. पूर्वेला नदी. मधे बांगड्यांची गल्ली, नऊशे फूट लांब आणि दोन माणसं एकमेकांना घासून जातील इतकी अरुंद. गल्लीभर बांबूंवर सहा भोंगे बांधले होते; त्यांचे माइक गल्लीच्या नदीकडच्या टोकाला, समितीच्या उंच मंचावर.

समितीच्या बैठकीत मी एक पुठ्ठा नेला. त्यावर काही झालंच तर भोंग्यावर काय बोलायचं ते लिहिलं होतं: 'लक्ष द्या. अमुक ठिकाणी आग आहे. नदीकडे चला. पळू नका.' बस, एवढंच. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. एका भोंग्याजवळ उभ्या माणसाला दूरच्या भोंग्यावरचं तेच वाक्य पाऊण सेकंद उशिरा येतं. लांब वाक्य बोललं की दोन्हीची खिचडी होते. म्हणून वाक्यं तुटक हवीत, दर वाक्यानंतर एक सेकंद थांबायला हवं, आणि तीच वाक्यं त्याच क्रमानं पुन:पुन्हा यायला हवीत, म्हणजे ज्यानं अर्ध्यातून ऐकलं त्याला पुढच्या फेरीत सगळं मिळेल. शब्द बदलला की लोकांना वाटतं, काही नवीनच घडलं.

महादेवरावांनी पुठ्ठा लांब धरून वाचला. "मास्तर, ह्याच्यात महाराजाचा जयघोष कुठी हाय?"

"आगीच्या वेळी जयघोष?"

"आन् वर्गणीदारायची नावं? आपल्या भोंग्यावर नावं घेतल्याबिगर हरवलेलं पोरगंही पुकारत नाही आमी." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मास्तर शिकेल हाय, पण मानुसकी नाही त्याच्यात."

सगळे हसले. हसणाऱ्यांत दोन वकील होते. पुठ्ठा मी चंद्रभानला देऊन टाकला.

चंद्रभान हा भोंगेवाला. ॲम्प्लिफायर त्याचा, मोटारीची बॅटरी त्याची, दोन माइक त्याचे. जत्रेत तो मधेमधे स्वत:चं दंतमंजनही खपवायचा. दात त्याचे पिवळे होते, त्यामुळे त्याच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. त्याची बायको रुख्मिणी गल्लीच्या गाडीतळाकडच्या टोकाला बांगड्यांचं दुकान लावून बसायची.

जत्रेच्या चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता गाडीतळावर धूर निघाला. कुणीतरी चुलीतला विस्तव कडब्याजवळ टाकला होता. वारा नदीकडून येत होता, म्हणजे आग गल्लीपासून उलटी, शेतांकडे सरकणार होती. नदीकडे गेलेल्या माणसाला काहीही होणार नव्हतं. हे मी मंचावरून अर्ध्या मिनिटात ताडलं.

तेवढ्यात महादेवरावांनी एक माइक हातात घेतला.

आधी जयघोष झाला. गर्दीनं तो दुप्पट जोरात परत दिला. मग सात वर्गणीदारांची नावं, प्रत्येकाच्या आधी श्रीयुत. मग: "उपस्थित बंधुभगिनींनो, गाडीतळावर किंचित अग्निप्रलय झालेला असला तरी समिती समर्थ आहे. कुणीही घाबरून जाऊ नये. आपापले बैल सांभाळावेत!"

किंचित अग्निप्रलय. मी हे शब्द आजही विसरलेलो नाही.

गर्दीतल्या घाबरलेल्या माणसाला त्या भाषणातला एकच शब्द कळला: बैल. नदीकडे तोंड करून उभी असलेली माणसं वळली आणि गल्लीत शिरली. समोरून धुराला भिऊन बाया येत होत्या. गल्लीच्या मधोमध दोन्ही लोंढे भिडले. एक बांबू वाकला. किंकाळी आली. महादेवराव बोलतच होते. आता ते स्वत:च्या खिल्लारी जोडीचं वर्णन देऊन, ती कुणाला दिसली तर मंचाकडे आणावी, असं सांगत होते.

चंद्रभाननं त्यांच्या माइकचं बटण शून्यावर फिरवलं आणि दुसरा माइक तोंडाशी घेतला. पुठ्ठा मांडीवर होता.

"मास्तर, ह्याच्यात बैल नाही."

"बैलांचं काय? माणसं वाचवायची आहेत."

"बैल गाडीले बांधून हाय तवर एक मानूस नदीकडं जाणार नाही. तुमी शास्तर शिकले, वऱ्हाड नाही शिकले. दावे कापले का ते पाहा. खोटं मी बोलत नाही भोंग्यावर. मंजनाचं सोडा."

मी मंचाच्या कठड्यावर चढलो. गाडीतळावर माणसं विळ्यांनी दावी कापत होती आणि बैल धुराला वळसा घालून, शेपट्या उभारून नदीकडे पळत होते. शंभर, दीडशे, मग मोजता येईनात.

"सुटले! नदीवर गेले!"

चंद्रभाननं श्वास घेतला. मंजन विकताना त्याचा आवाज चढायचा. आता तो खाली आला.

"ऐका. गाडीतळावर आग हाय. बैल सोडले, नदीवर गेले. तुमी नदीकडं चाला. पयू नका."

प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पाचव्या फेरीपर्यंत गल्लीत काही फरक दिसला नाही. मी म्हणालो, "रुख्मिणीबाई तिकडेच आहेत ना? त्यांचं नाव घे, सांग बाहेर निघायला."

त्याच्या कपाळावर घाम होता. माइकवर हात ठेवून तो म्हणाला, "एक नाव घेतलं का सारेच आपापली बायको पुकारायले इथं येतीन." हात काढला. "ऐका. गाडीतळावर आग हाय."

महादेवराव मेलेल्या माइकवर फुंकर मारत होते. "माहा आवाज काहून येऊन नाही राहिला?"

"व्हॉल्व्ह तापलाय," मी म्हणालो. शास्त्राच्या पदवीचा तेवढा उपयोग झाला.

आठव्या फेरीला गल्लीच्या नदीकडच्या टोकाची माणसं मागे वळली. ती वळल्यावर त्यांच्या मागचीही वळली. अकराव्या फेरीला मधली गाठ सैल झाली. लोक चालत होते. खरंच चालत होते. चंद्रभान अठ्ठावीस वेळा तेच बोलला, मी मोजलं. एकही शब्द हलला नाही.

शेवटी गल्लीतून रुख्मिणी आली. लुगडं फाटलेलं, कोपर सोललेलं, काखेत कुणाची तरी रडणारी पोरगी.

"माह्या साऱ्या बांगड्या फुटल्या," ती नवऱ्यावर ओरडली. "आन् तू इथं रेडिओ लावून बसला!"

चंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं आणि एकोणतिसावी फेरी सुरू केली. पहिल्याच शब्दावर त्याचा आवाज फाटला. माइक त्यानं माझ्या हातात दिला. मी पुठ्ठ्यावर न लिहिलेलं ते बैलांचं तिसरं वाक्यही म्हटलं, त्याच्याच शब्दांत, तो थांबायचा तिथंच थांबत.

मेलं कुणी नाही. पहिल्या धक्क्यात एका म्हाताऱ्याचा पाय मोडला, चौदा गाड्या जळाल्या. रविवारी समितीची बैठक झाली. प्रसंगावधानाबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन करणारा ठराव दोन्ही वकिलांनी मांडला. म्हाताऱ्याबद्दल महादेवराव म्हणाले, "मी घाबरू नका म्हनून सांगतलं होतं. लोकायले ऐकाची सवयच नाही."

ठराव एकमतानं पास झाला, असं इतिवृत्तात लिहिलं आहे. माझा हात खाली होता. तो त्यांनी मोजला नाही.