वाकून पाहिलेला रेनकोट

खेडच्या बाजारात माझं रेनकोटचं दुकान आहे. गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं राहतं, खिसे चाचपतं आणि भाव करतं. सगुणामावशी मात्र आल्या आणि आरशाला पाठ करून उभ्या राहिल्या.

साठीच्या बाई, आयुष्यात पहिल्यांदा रेनकोट घेणार होत्या. आजवर भातलावणीला डोक्या-पाठीवर बांबूचं इरलं, तेही नवऱ्याच्या, गंगारामच्या हातचं. तो माघात गेला आणि जुनं इरलं वाळवीनं खाल्लं. मुंबईच्या मुलानं पाचशे रुपये पाठवले होते, तेवढ्यातच बसवायचं होतं. उद्या लावणी, आणि पाठ भिजली की त्यांना हटकून ताप भरतो.

मी लांब कोट दाखवला, साडेचारशेचा. जाड, थेंब आत यायचा नाही, अशी फुशारकी मारली. त्यांनी तो घातला आणि भर दुकानात, रोपं लावायला वाकावं तशा वाकल्या. मला हसू आलं, पण पुढचा घेर थेट फरशीला टेकला. चिखलात तो लोळला असता आणि हात पाण्यात घातले की बाह्या भरल्या असत्या.

मग शर्ट-पॅन्टचा जोड काढला. हलका, शिवणीवर आतून पट्टी मारलेला, पण आठशेचा. "शर्ट तेवढा द्याल?" त्यांनी विचारलं. जोड फोडत नाही म्हणालो. तरी घालून वाकल्या, तर शर्ट वर सरकून कंबर चार बोटं उघडी पडली.

उरला पोंचो, तीनशेचा. नुसती टोपी लावलेली चादर, बाजूला बटणं. स्वस्त माल म्हणून मी नाक मुरडलं होतं. त्याचाही पुढचा पदर लोंबू लागला. मावशींनी बटणं सोडली, तो पदर डोक्यावरून मागे टाकला आणि टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली. पुढं हात मोकळे, पाठीवर दुहेरी प्लास्टिक. वीस वर्षं हा धंदा करतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

"कंबर झाकली काय, बगा."

"झाकली, मावशी."

"परत बगा."

त्या वाकलेल्याच होत्या. जरा चिडून मी म्हटलं, दोनदा काय बघायचं, काठ कमरेच्या चांगला वीतभर खाली आहे.

"शेट, लावणी मागं मागं सरत करायची. आमचे धनी मागनं रोपांच्या मुठी टाकायचे. पाठ उघडी दिसली की इरलं खाली वडायचे. आता मागं कोन नाय. म्हनून हितंच नीट बगून घ्या."

मला फार वाईट वाटलं. काउंटरच्या बाहेर येऊन मी त्यांच्या मागे उभा राहिलो. पोंचोचा काठ एका बाजूला वर चढला होता, तो मी खाली ओढला.

"आता झाकली," मी म्हणालो.

तरी त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या.