एकाच पानाचा टॅग

टॅग मी काढला. शिवराजनं नाय, मी.

आमच्या संस्थेचं काम म्हणजे दुष्काळात विहिरींचं पाणी तपासायचं. ऑफिस चिकलठाण्यात, माणसं तालुक्या-तालुक्यात, आणि सगळ्यांच्या नोंदी एकाच विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबसाइटवर. तीस जण लिहिणार, तीस तऱ्हा! वैजापूरच्या भारतचा टॅगांवर, पानाला चिकटवायच्या खुणेच्या शब्दांवर, लई जीव. शिवराज म्हणायचा, "कशाला लावत बसता? सर्चमध्ये टाकलं की सापडतं." मी फोल्डरवाली. तालुका, त्यात गाव, त्यात गट नंबर. पान ज्याच्या त्याच्या जागी, विषय संपला.

मार्चमध्ये टॅगांची यादी उघडली आणि डोकंच फिरलं. चारशे बारा! त्यातले निम्मे एकेकाच पानावर. एका पानाचा टॅग काय चाटायचा? काढून टाकले सगळे. 'फकिराची विहीर' हा टॅगपण त्यातच गेला. कुणाला विचारलं नाय. विचारलं असतं तर भारतनं सांगितलं असतं, की लॅबच्या अहवालात नुसतं 'गट नंबर ११२' आहे आणि गावात तो नंबर कुणालाच ठाऊक नाय. ही विहीर आणि तो नंबर एकच, हे त्या टॅगशिवाय पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मे महिन्यात भारतच्या वडलांचा, सोनाजीकाकांचा, ऑफिसात फोन आला. फकिराच्या विहिरीत तळाला थोडं पाणी आहे, मेंढरांना चालंल का? भारतला रेंज नव्हती. शिवराजनं विहिरीचं नाव सर्चमध्ये टाकलं. एकही पान नाय. मग माझे फोल्डर उघडले, पण त्या नंबरांच्या रांगेत फकिरा कुठून दिसणार?

"वाईट अशी काही नोंद नाय, काका," तो म्हणाला.

११२ च्या पानावर नायट्रेटचा आकडा लाल अक्षरात होता. चौतीस मेंढरांतली पंचवीस संध्याकाळपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी भारत आला. त्यानं त्या पानाचा इतिहास उघडला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. 'टॅग काढला: तनुजा.'

"ताई, एकदा विचारायचं तरी," एवढंच बोलला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

इतिहास बघून एकेक टॅग परत लावत बसले. तेवढ्यात सोनाजीकाकांचाच फोन.

"पोरी, त्या शिवराजला बोलू नको. त्यानं बघून सांगितलं व्हतं." मला रडूच आलं. "आता नऊ राहिलीत. पारूबाईच्या आडाचं बघ बरं."

टॅगांत बघितलं, फोल्डरांत बघितलं, सर्च केलं. काहीच नाय. शेजारी भारत मान हलवत होता. त्या आडाचं पाणी कुणी कधी तपासलंच नव्हतं.

"काका, नोंद नाय."

"म्हंजे चांगलं हाय?"

"म्हंजे... माहीत नाय, काका."

फोनमधून मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"कालपास्नं तान्हेली हायेत, पोरी. पाजू का नको, तेवढंच सांग."