निकाली काढलेली तक्रार

"सात दिवसांच्या वर एकही तक्रार उघडी दिसता कामा नये. बाकी नंतर बघू." परीक्षा मंडळाच्या मदतवाहिनीवर बसले त्या पहिल्या दिवशी कार्यालयातल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांचा आवाज अजून कानात आहे. आठवा दिवस उजाडला की फलकावर तक्रार लाल व्हायची. शेजारच्या टेबलावरची म्हणायची, "तुझी लाल झाली की बाईंचा चेहरा हिरवा होतो गं."

एका मुलीची तक्रार आली, तशी साधी होती. प्रात्यक्षिक परीक्षेला ती हजर होती, हजेरीपत्रकावर तिची सही होती, आणि निकालात मात्र 'गैरहजर'. मी तिला तक्रार क्रमांक दिला. परीक्षा विभागाकडे कागद पाठवायचा राहून गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी मी 'निकाली काढली' वर बोट ठेवलं. तिला कळवलं नाही.

त्यानंतर तिचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी गोड आवाजात सांगितलं, वर पाठवलंय, थोडं थांबा. ती थांबली. अपील समितीकडे तक्रार निकाली निघाल्यापासून पंधरा दिवसांत जावं लागतं. थांबून थांबून शेवटी ती स्वतःच गेली तेव्हा महिना उलटला होता. समितीने आत न बोलावताच अर्ज परत केला: तक्रार महिन्यापूर्वीच बंद झालीय, मुदत संपली.

मग तिच्या वडिलांनी वकील गाठला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. काल तिचा पुन्हा फोन आला. माझा आवाज तिने ओळखला.

"ताई, तुम्हीच ना? बरं झालं. मंडळाने कोर्टात लिहून दिलंय की मला वेळेत कळवलं होतं. वकीलकाका म्हणतात, कोर्ट काही माझे गुण वाढवणार नाही, पण कळवलंच नव्हतं हे दिसलं तर समितीला माझं ऐकायला लावेल. तक्रार कोणी बंद केली, कळेल का? सोमवारी तारीख आहे."

मी पडद्यावर तिची तक्रार उघडली. ती पुढे म्हणाली, "तुम्ही थांबायला सांगितलं म्हणून धीर धरला हो. नाहीतर घरी सगळे मलाच वेंधळी म्हणतात."

"शोधून सांगते. तुझ्या वकिलांपर्यंत पोचवते," एवढंच बोलले. शोधायचं काय होतं? पडद्यावर माझाच कर्मचारी क्रमांक होता.

रोज पहाटे दिवा लावून मी एकच म्हणते, माझ्यामुळे कुणाचं वाईट न होवो. आज ते शब्द ओठावर येईनात. वात तेवढी सारखी केली आणि उठले.

कार्यालयात मोठ्या बाईंना सांगितलं, तक्रार मीच न कळवता बंद केली, तसं मला कोर्टात प्रतिज्ञापत्र द्यायचंय. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "नोकरीवर येईल," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बहुधा त्यांनाही ते सात दिवसांचं जुनं वाक्य आठवलं असावं.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कागदावर सगळं लिहिलं: तारीख, माझा क्रमांक, कळवलं नाही, तीन वेळा खोटं बोलले. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं. मग कागद पिशवीत घातला, चपला घातल्या आणि वकिलांच्या कचेरीचा रस्ता विचारत निघाले.