त्याच मशीनवर हिरवं

मंगळवारी सकाळी लॅबचं कुलूप काढलं तेव्हाच ताईंना जाणवलं, काहीतरी गेलंय. कोपऱ्यातल्या टेबलाखालचा नेहमीचा घरघराट नव्हता. त्याऐवजी टक, टक, टक असा ठरावीक अंतराने आवाज येत होता. पंचवीस वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक म्हणून काढलेल्या बाईला हा आवाज कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हार्ड डिस्क गेली होती.

त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, कमरेला हात लावून हळूहळू खाली बसल्या आणि मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. स्क्रीनवर एकच ओळ आली, डिस्क सापडत नाही. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. उठायला कारण हवं असतं आणि उठल्यावर काय काय मागे लागणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

ते मशीन मोडीच्या यादीतलं होतं. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासायचं काम ऑनलाइन सेवेवर चालायचं. मुलांनी कोड चढवला की तिकडचं मशीन तो उचलायचं, चाचण्या चालवायचं आणि पास झाल्या तर हिरवी खूण, नाहीतर लाल फुली दाखवायचं. पण त्या सेवेची फुकट वापरायची मिनिटं महिन्याच्या मध्यालाच संपायची. तेव्हा विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "ताई, आपलंच एखादं जुनं मशीन लावता येईल का?" ताईंनी जिन्याखालून हे धूड ओढून काढलं, पुसलं, लिनक्स टाकलं आणि रनर नावाचा छोटा प्रोग्राम बसवला. तो दर थोड्या वेळाने सेवेला विचारायचा, काम आहे का? असलं की घ्यायचा, एका वेळी एक, आणि निकाल परत कळवायचा. मुलं त्या मशीनला म्हातारबा म्हणत.

पहिले दोन महिने बरे गेले. मग मुलं येऊ लागली. "ताई, आमच्या कोडला तयार कोडची एक लायब्ररी लागते, टाकता का?" ताई टाकायच्या. "ताई, डेटाबेसमध्ये एक रकाना कमी आहे, जरा बघा ना." ताई बघायच्या. डिस्क भरली की जुन्या फायली उडवायच्या. हे सगळं त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं आणि लिहायला वेळही कुणी दिला नव्हता.

दुपारपर्यंत त्यांनी लॅबमधलंच एक मशीन रिकामं केलं, त्यावर सगळं नव्याने बसवलं आणि नवा रनर जोडला. सकाळपासून रांगेत अडकलेली कामं एकेक करून सुटू लागली. पहिलं लाल. दुसरं लाल. तिसरं हिरवं झालं तेव्हा ताईंनी पाण्याची बाटली उघडली, आणि मग चौथं, पाचवं, सहावं लाल. संध्याकाळी हिशोब झाला तेव्हा तेवीस गटांपैकी एकोणीस गट लाल होते. आणि शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. कोडच्या अंतिम प्रतीवर हिरवी खूण असेल तरच प्रोजेक्ट तपासायचा, असा नियम विभागानेच मोठ्या कौतुकाने केला होता.

बुधवारी सकाळी लॅबच्या दाराशी मुलांची गर्दी. सगळ्यांचं एकच म्हणणं, कालपर्यंत चालत होतं.

"चालत होतं, पण त्याच मशीनवर," ताई म्हणाल्या. "तुमच्या कोडला काय काय लागतं ते तुमच्या कोडमध्ये लिहिलेलंच नाही. मी हाताने टाकून दिलं होतं. माझी चूक आहे."

मुलांना चूक नको होती, हिरवं हवं होतं. मॅडमनाही तेच हवं होतं. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"जुन्यावर जे होतं ते आठवून नव्यावर टाका ना. शुक्रवार निघून जाऊ दे, मग पुढचं पुढे बघू."

"आठवत नाही मॅडम. आणि आठवलं तरी टाकणार नाही. परीक्षकांनी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं तर आपलंच हसं होईल."

"ते कुठे चालवून बघतात, ताई."

"मग हिरव्या खुणेचा नियम तरी कशाला केला?"

मॅडमही थकलेल्या होत्या. टेबलावर तपासायच्या पेपरांचे चार गठ्ठे होते आणि फोन सारखा थरथरत होता. शेवटी म्हणाल्या, "काय करायचं ते करा. वेळ मात्र वाढवून मिळणार नाही."

ताईंनी रनरचं काम बदललं. आता प्रत्येक चाचणी एका कोऱ्या कंटेनरमध्ये चालणार होती. म्हणजे दर वेळी नवी रिकामी खोली, काम झालं की खोलीच मोडून टाकायची. मागच्याने विसरलेलं काही पुढच्याला मिळणार नव्हतं. मग त्या एकेका गटाला शेजारी बसवून म्हणाल्या, "काय लागतं ते यादीत लिहा. डेटाबेस कसा बनतो ते स्क्रिप्टमध्ये लिहा. मी कीबोर्डला हात लावणार नाही."

दर चाचणीला सात-आठ मिनिटं लागायची आणि रांग संपता संपत नव्हती. कुणी लायब्ररीचं नाव चुकवलं, कुणाच्या स्क्रिप्टमध्ये तो एक रकानाच नव्हता, कारण तो ताईंनी डिसेंबरमध्ये परस्पर घातला होता. मुलं कुरकुरत होती, पण लिहीत होती. बुधवार संपेपर्यंत अकरा हिरवे झाले.

घरी गेल्या तेव्हा नवऱ्याने ताट वाढून ठेवलं होतं. ते गेल्या वर्षीच निवृत्त झाले होते आणि स्वयंपाकघर आता त्यांचंच होतं.

"चेहरा का असा?"

"लोकांना हात देत गेले. तोच हात आता उलटलाय."

"रजा टाक."

"शनिवारी," ताई म्हणाल्या. शनिवारी तसंही येणार नव्हतं कुणी.

गुरुवारी शेवटी मुंगी आली. सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत जास्त काम करणारी मुलगी, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलेलं. तिचे वडील भाजीपाल्याच्या एका शीतगृहात मेकॅनिक होते. तिथल्या कॉम्प्रेसरच्या आवाजावरून तो बिघडणार आहे का ते आधीच सांगायचं, असा तिच्या गटाचा प्रोजेक्ट होता. चार महिने वडिलांनी एक जुना फोन कॉम्प्रेसरजवळ बांधून ठेवला होता. दर दहा मिनिटांनी एक मिनिट आवाज टिपायचा. तीसेक जीबी आवाज जमला. एवढं कोडबरोबर चढवता येत नव्हतं, म्हणून मुंगी पेनड्राइव्ह घेऊन आली होती आणि ताईंनी तो म्हातारबाच्या डिस्कवर उतरवून दिला होता.

"ताई," ती म्हणाली, "आवाज कुठे आहेत?"

तीन दिवसांत ताईंना हे आठवलं नव्हतं.

"पेनड्राइव्ह?"

"भावाने त्यावर सिनेमे भरले. दोनदा. फोनमधले तर दर आठवड्याला काढूनच टाकत होतो, जागा नव्हती."

ताईंनी मेलेली डिस्क खोक्यातून काढली, पर्समध्ये घातली आणि दोघी रिक्षाने डिस्क दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. छोटं दुकान, काउंटरवर उघडलेल्या डिस्कांचे आरशासारखे गोल तुकडे. दुरुस्तीवाल्याने कान लावला, मान हलवली आणि म्हणाला, "संध्याकाळी या. आशा धरू नका."

संध्याकाळी एकशे वीस दिवसांपैकी एकेचाळीस दिवस निघाले. बाकीचे जिथे होते तिथे डिस्कवर ओरखडे होते. ज्या आठवड्यात कॉम्प्रेसर खरोखरच बंद पडला होता तो आठवडा गेलेल्यांत होता.

मुंगी दुकानाच्या पायरीवर बसली. रडली नाही. "बाबा रात्रपाळीला असायचे तेव्हासुद्धा फोन चार्ज आहे का बघायला उठायचे," एवढंच म्हणाली. ताई तिच्या शेजारी बसल्या. कंबर दुखत होती, पण उभं राहणं बरं दिसलं नसतं.

"मी ठेवून घ्यायलाच नको होतं त्यावर," ताई म्हणाल्या. "ते चाचण्या चालवायचं मशीन. कपाट नव्हतं."

"मीही दुसरी प्रत ठेवली नाही."

"तू शिकतेयस. मला पंचवीस वर्षं झाली."

शुक्रवारी सकाळी बावीस गट हिरवे होते. एक लाल. मुंगीच्या गटाच्या सोळा चाचण्यांपैकी तीन पडत होत्या. बिघाड ओळखून दाखवायच्या तीन. मॅडम ताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या तीन वगळायला सांगा तिला. एका ओळीचं काम आहे. हिरवं दिसेल, पोरीचं वर्षही वाचेल."

ताईंनी हे मुंगीला जसंच्या तसं सांगितलं. "मी वगळ म्हणणारही नाही आणि अडवणारही नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तू ठरव. लाल राहिलं तर परीक्षकांशी मी बोलते."

मुंगीच्या गटातल्या दोघांनी वगळायला सांगितलं. तिने त्यांना बाहेर नेलं, दहा मिनिटांनी तिघं परत आली. "राहू दे लाल," ती म्हणाली. "वगळलं तर बाबांना काय दाखवू?"

परीक्षक मध्यमवयीन होते, सकाळपासूनच जांभया देत होते. लाल फुली बघून म्हणाले, "हा तर नियमात बसत नाही." ताईंनी कागद पुढे केला. त्यावर काय झालं ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. आधीच्या महिन्यांतल्या खुणा त्या मशीनवर हाताने केलेल्या गोष्टींमुळे हिरव्या होत्या, हेही आणि डिस्कवर प्रत न ठेवता डेटा ठेवला, हेही. खाली सही. मॅडमनी तो वाचला आणि खिडकीबाहेर बघितलं.

परीक्षकांनी कागद दोनदा वाचला. मग मुंगीला विचारलं, "एकेचाळीस दिवसांत काय कळतं?" तिने अर्धा तास समजावून सांगितलं. कॉम्प्रेसर थंड असताना कसा वाजतो, गरम झाल्यावर कसा. एकदा त्यांनी मधेच थांबवून आवाज पुन्हा ऐकवायला सांगितला.

गटाला शंभरपैकी सत्तावन्न मिळाले. वर्ष वाचलं. मुंगीला नव्वद अपेक्षित होते आणि ज्या कंपनीच्या मुलाखतीला तिला पंचाहत्तर लागणार होते ती मुलाखत गेली. ताईंना आठवड्याने विभागाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी त्याच कागदाची प्रत काढून जोडली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुंगी लॅबमध्ये आली. वडिलांनी फोन पुन्हा बांधलाय, म्हणाली, आणि आता दर रविवारी दोन ठिकाणी प्रत काढते. ताईंनी विचारलं, कुठे कुठे? तिने सांगितलं. ताईंनी मान डोलावली. मग ती जरा घुटमळली.

"ताई, तुमच्यावर काही आलं का?"

"पत्र आलं. दिलं उत्तर."

"आमच्यामुळे."

"नाही गं. दोन वर्षं सगळ्यांना हो म्हणत गेले त्यामुळे." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. "चल, मला सगळी मशीनं बंद करायचीयत. तू त्या बाजूची कर."

दोघींनी रांगेने मशीनं बंद केली. एकेक पंखा थांबत गेला. ताईंनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरायला लागल्या. मुंगीने त्यांची पर्स घेतली. त्यांनी घेऊ दिली.