फक्त दोन शिल्लक

ढब्बू झोपला की घर शांत होई, आणि घर शांत झालं की त्याच्या आईच्या काळजात धस्स होई.

नाव ढब्बू, पण पोर दिवस भरायच्या आधीच आलेलं, मांजराच्या पिलाएवढं. मामाने पहिल्यांदा काचेआडून पाहिलं आणि म्हणाला, "काय ढब्बूशेठ, घाई काय होती एवढी?" तेच नाव चिकटलं. दवाखान्यात त्याच्या पायाला एक तार होती आणि उशाशी छोटा पडदा. पडद्यावर हिरवी रेघ नाचायची. रेघ नाचतेय म्हणजे पोर आहे, एवढं आईला कळायचं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता याला कसलीच गरज नाही." ढब्बू आला, रेघ तिकडेच राहिली. आता तो चांगला अंगाने भरला होता, हुंकार द्यायचा, दुधासाठी घर डोक्यावर घ्यायचा. तरी तो झोपला की आईचे डोळे रेघ शोधायचे.

त्या दुपारी तिने त्याला मोठ्या पलंगावर निजवलं, कडेला उशी लावली आणि फोनवर शोधलं: झोपेत बाळाचा श्वास. पहिलंच पान एका मोज्याचं निघालं. बाळाच्या पायात घालायचा मोजा, आत नाडी आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र. काही बिघडलं की आईच्या फोनवर भोंगा. फोटोतल्या बाळाच्या उशाशी एक हिरवी रेघ.

तिचे डोळे भरून आले. मग तिला रेघेखालचं दिसलं.

लाल चौकोनात आकडे धावत होते. 'निम्मी किंमत फक्त तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.' पंधरा मिनिटं होती, त्यातला पहिला सेकंद गेलासुद्धा. खाली: 'फक्त २ शिल्लक.' त्याखाली: 'सध्या ४३ आया हे पाहत आहेत.' आणि कोपऱ्यातून एक पट्टी वर आली, 'आत्ताच एका आईने घेतला. तुम्ही कशाची वाट बघताय?'

त्रेचाळीस आया आणि मोजे दोन.

"काय गं, काय चाललंय?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून वाटाणे सोलता सोलता विचारलं. गुडघ्यांनी त्यांना जागेवर बसवलं होतं, जीभ मात्र फिरती होती.

"काही नाही, आई. एक वस्तू मागवतेय. संपत आलीय."

"संपली तर संपली. त्या मोबाइललाच पाळण्यात घाल आता, सारखा उचलून बघतेस."

तिने खरेदीचं बटण दाबलं. पत्ता भरला. घाईत पिनकोड दोनदा चुकला. कार्डाचा नंबर घातला. मग पडद्यावर आलं, नोंदणीकृत फोनवर ओटीपी पाठवला आहे. नोंदणीकृत फोन ढब्बूच्या बाबाचा. आणि बाबा बस चालवत होता. गाडीवर असताना फोन बॅगेत, हा त्याचा नियम होता.

तिने फोन लावला. वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. खोलीत रेंज तुटायची म्हणून ती खिडकीशी गेली. पलंग पाठीमागे राहिला. पुन्हा लावला. मधेमधे पान उघडून बघायची. सहा मिनिटं. चार. 'फक्त १ शिल्लक.' तिला आता मोजा दिसतच नव्हता, उशाशी रेघ नसलेलं पोर दिसत होतं. "उचल रे," ती पुटपुटत होती, "उचल ना, एकदाच." शेवटच्या मिनिटाला आकडे मोठे झाले आणि धडधडायला लागले, जणू कुणाचं तरी हृदय.

शून्य.

तिने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं आणि मागे वळली.

ढब्बू ठेवला होता तिथे नव्हता.

तो आयुष्यात पहिल्यांदा पालथा झाला होता. कडेच्या उशीशी पोचला होता, आणि त्याचं नाकतोंड उशीत रुतलं होतं. एक मूठ बाहेर होती. ती हलत नव्हती.

आपण ओरडलो हे तिला सासूबाईंच्या हातचं भांडं पडलं तेव्हा कळलं. तिने त्याला उचललं, सुलटं केलं, छातीशी धरलं. क्षणभर काहीच नाही. मग लालबुंद तोंड उघडलं आणि ढब्बूने असा टाहो फोडला की गुडघे विसरून सासूबाई दारात उभ्या.

"उशी," ती म्हणाली, "उशी मीच लावली होती." आणि पलंगाशी जमिनीवर बसली. सासूबाईंनी उशी उचलून दाराबाहेर फेकली आणि भिंतीला धरून तिच्याजवळ बसल्या.

बाबा धापा टाकत आला तेव्हा तिघं तशीच बसलेली होती. फेरी संपल्यावर त्याने फोन पाहिला होता: घरून एवढे फोन! परत लावला तर कुणी उचलेना. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देऊन तो धावत सुटला होता. त्याने ढब्बूच्या पोटावर हात ठेवला आणि ते वर-खाली होताना बघत राहिला.

तिने सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मग मागवू या. आत्ताच. दे ते पान इकडे."

त्याने आपल्या फोनवर पान उघडलं. "अगं, आहे अजून! दोन उरलेत. पंधरा मिनिटं आहेत, कार्ड आण, चल!"

"पंधरा?"

तिने आपला फोन शोधला. पान उघडंच होतं. शून्य झालेले आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन बरेच खाली आले होते. तिच्याकडे सात मिनिटं, त्याच्याकडे चौदा. तिच्याकडे एक शिल्लक, त्याच्याकडे दोन. दोन्हीकडे आया मात्र त्रेचाळीसच.

"म्हणजे तुझं घड्याळ वेगळं, माझं वेगळं?" तो म्हणाला.

"घड्याळ नाहीच ते. जो येईल त्याच्यासाठी नव्याने सुरू होतं." तिने त्याचं पान बंद करून पुन्हा उघडलं. पंधरा मिनिटं. याच आकड्यांकडे बघत ती पाठ फिरवून उभी राहिली होती.

"तरी पण," तो हळूच म्हणाला, "मोजा खरा असेल ना? घेऊन ठेवू. भीती वाटतेय मला."

"मलाही वाटतेय. म्हणूनच आज नाही." तिने दोन्ही पानं बंद केली. "आधी सिस्टरना विचारू."

दवाखान्यातल्या सिस्टरनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाळ आता कसं आहे, रंग कसा, दूध प्यायलं का, विचारलं. ढब्बू तेव्हा पीतच होता, चुळूचुळू आवाज फोनवरही ऐकू गेला असावा. तरी संध्याकाळी एकदा दाखवून जा, म्हणाल्या.

"आणि त्याला त्याच्या पाळण्यातच निजवायचं. पाठीवर, कडक गादीवर. आसपास उशी नको, मऊ काहीही नको. मोज्याचं म्हणाल तर ठणठणीत बाळाला त्याची गरज नाही. उगाच भोंगे वाजतात आणि तुम्हीच अर्ध्या होता. अघटित टळतं असं काही त्याने सिद्ध झालेलं नाही. हवासा वाटलाच तर नाव कागदावर लिहा आणि दोन दिवस जाऊ द्या. डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्या दुकानात किंमत बघा. खरंच संपला, तरी बाळाचं काही अडणार नाही."

"पण सिस्टर, त्याचा श्वास अडकलाच तर?"

"तर काय करायचं ते हातांना माहीत हवं. आम्ही शनिवारी शिकवतो इथे, बाहुलीवर. दोघंही या."

तिने घाईघाईने विचारलं, "जागा आहेत ना? किती उरल्यात? नाव आत्ताच लिहा, लगेच लिहा!"

फोनवर सिस्टर हसल्या. "अहो बाई, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. हा शनिवार नाही जमला तर पुढचा. ड्युटी बघा, घरी बोला, आणि मग सांगा."

तिने बाबाकडे पाहिलं. तो बोटांवर आपल्या पाळ्या मोजत होता.