डावीकडचं शून्य

चटणीवरून आमचं पहिलं भांडण झालं. हे इस्पितळातून घरी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. ताट वाढलं होतं, जसं वाढतात तसं: डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. हे जेवले आणि म्हणाले, "नलू, हल्ली चटणी करतच नाहीस तू."

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "डोळे आहेत ना? की तेही इस्पितळात ठेवून आलात?" ताटात चटणी तशीच होती. कोशिंबीर तशीच. भातसुद्धा डावा अर्धा तसाच, जसा काही सुरीने कापून ठेवलेला. मी बोट दाखवलं, त्यांनी मान डोलावली, आणि परत उजवीकडच्या रिकाम्या वाटीत आमटी शोधू लागले. मग मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला.

जानेवारीत, छप्पन साली, मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं. हे काही घोषणा देणाऱ्यातले नव्हेत. कॉलेजात गणित शिकवायचं, घरी येऊन गणित वाचायचं, मधल्या वेळात चहा. त्या दिवशी विद्यार्थी बाहेर अडकलेत म्हणून त्यांना आणायला गेले. डोक्याच्या उजव्या बाजूला काय लागलं, दगड की लाठी, कुणी धड सांगेना. जीव वाचला. हात चालतो, पाय चालतो, बोलणं शाबूत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, डोळे उत्तम आहेत. पण डाव्या बाजूला जग आहे, हे त्यांचा मेंदू मोजतच नाही. आणि आपण काही विसरतोय हेही त्यांना कळत नाही." मी विचारलं, बरं कधी होणार? डॉक्टर टाय सारखा करत बसले.

दाढी अर्धी करायचे. सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबत ठेवायचे. सांगितलं की "हो हो, माहीत आहे" म्हणायचे आणि पुन्हा तेच. मी या सगळ्याला तोंड दिलं असतं हो. पण त्यांना एकच ध्यास: जूनमध्ये कॉलेज उघडलं की वर्गावर जायचं. शिकवणं गेलं असतं तर या माणसात उरलं असतं काय? मीही त्यांचीच विद्यार्थिनी. बी.एस्सी.ला गणित घेतलं ते यांच्यामुळे आणि लग्न केलं तेही गणितामुळेच म्हणा. आई म्हणायची, आकड्याशी लग्न केलंस. बरं केलं.

विभागप्रमुख साबडे सर माणूस भला. ते घरी येऊन म्हणाले, "विजयकर, पहिल्या दिवशी एक तास घ्या. मी आणि प्राचार्य मागे बसू. नीट झाला तर तुमची जागा तुमचीच. नाही तर..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं. विषय यांनीच निवडला, त्यांच्या आवडीचा: फूरिए श्रेणी.

घरच्या लहान फळ्यावर तालीम सुरू झाली. मी विद्यार्थी होऊन पाटावर बसायची. काय शिकवायचे! "एखादी लाट घ्या, कितीही वेडीवाकडी, पण ठरावीक अंतराने पुन्हा तशीच येणारी. ती साध्या साइन आणि कोसाइनच्या लाटांची बेरीज असते. प्रश्न एवढाच की त्यात कुणाचा वाटा किती. आता cos 2x चा वाटा हवा आहे. अख्ख्या बेरजेला cos 2x ने गुणा आणि एक पूर्ण फेरी इंटिग्रेट करा. म्हणजे काय होईल? चाळीच्या चौकात उभं राहून 'रखमा' अशी हाक मारली की रखमाच बाहेर येते ना? तसं. बाकी सगळे शून्य होऊन घरात बसतात."

"का पण?" मी मुद्दाम विचारायची.

"कारण cos 2x ला दुसऱ्या कुणाशीही गुणलं, तर गुणाकार कधी रेषेच्या वर, कधी खाली. पूर्ण फेरीत वरचं क्षेत्रफळ आणि खालचं क्षेत्रफळ बरोबर सारखं. फिटंफाट. पण cos 2x ला स्वतःशीच गुणलं तर तो वर्ग. वर्ग कधी खाली जात नाही. त्याचं क्षेत्रफळ उरतं, नेमकं π. म्हणून आलेल्या उत्तराला π ने भागलं की वाटा हातात. एकमेकांशी काटकोनात आहेत हो ते. म्हणून कुणी कुणाच्या हिशेबात लुडबुड करत नाही."

आणि मग ते आकृती काढायचे. इथे घोडं पेंड खायचं. आमच्या पुस्तकात फेरी वजा π पासून π पर्यंत. शून्य मध्ये, अर्धी फेरी त्याच्या डावीकडे, अर्धी उजवीकडे. हे तोंडाने म्हणायचे "वजा π ते π" आणि हात काढायचा शून्य ते π. अर्धीच. अर्ध्या फेरीत कोसाइनला कोसाइनशी गुणलं तर नशिबाने शून्यच येतं. त्यामुळे दोन दिवस मलाही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी साइन आणि कोसाइनची गाठ पडली आणि शून्य काही येईना.

मला मग दुपारी तांदूळ निवडताना सुचलं. फेरी पूर्ण हवी एवढंच ना? सुरुवात कुठूनही करावी! शून्य ते २π. सगळी फेरी शून्याच्या उजवीकडे. तांदूळ तसेच टाकून मी उठले आणि फळ्याच्या कडेला शून्य काढून म्हटलं, "इथून सुरू करा आणि उजवीकडे जात राहा." त्यांनी केलं. sin x गुणिले cos 2x, शून्य ते २π. उत्तर शून्य. ते हसले, जानेवारीनंतर पहिल्यांदा. म्हणाले, "नलू, तू नसतीस तर?" मी म्हटलं, "तर चटणी कुणी केली असती!" आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी स्वतः त्यांची दाढी केली, बाही चढवली. वर्गात मागच्या बाकावर बसले, साबडे सर आणि प्राचार्यांच्या शेजारी. हे उभे राहिले आणि काय सांगू, तेच होते ते. पूर्वीचेच. शून्य ते २π, गुणाकार, रखमाची हाक, पोरं हसली. sin x आणि cos 2x चा गुणाकार फोडून दाखवला: अर्धा sin 3x वजा अर्धा sin x, दोन्हींच्या पूर्ण फेऱ्या, दोन्ही शून्य. मोठं शून्य काढून त्याच्याभोवती चौकट केली. साबडे सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मनात मुंबादेवीला नारळ बोलले.

एवढ्यात पुढच्या बाकावरचा रामदास उभा राहिला. लालबागचा, गिरणीकामगाराचा मुलगा. यांचा लाडका, आमच्या घरी अभ्यासाला येणारा. भाबडेपणाने म्हणाला, "सर, पुस्तकात वजा π ते π दिलंय. ते पण चालेल ना?"

प्रश्न चांगला होता. त्या पोराला मी आजही बोल लावत नाही.

"अगदी चालेल!" हे खूश होऊन म्हणाले. "फेरी पूर्ण हवी, सुरुवात कुठूनही. हे बघ." आणि फळ्याच्या उजव्या मोकळ्या भागाकडे सरकून त्यांनी नवी रेघ ओढली. शून्य लिहिलं. शून्याच्या उजवीकडे π लिहिलं. आणि थांबले. त्यांच्या दृष्टीने आकृती पुरी झाली होती.

खालची मर्यादा शून्य, वरची π. खडू भरभर चालला. चूक कुठेही नाही. एवढा स्वच्छ हिशेब मी पाहिला नाही. उत्तर आलं वजा दोन तृतीयांश.

पुन्हा केलं. वजा दोन तृतीयांश.

"हे शून्य यायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले.

रामदास कासावीस होऊन म्हणाला, "सर, मघाशी आलं होतं की. ते काय तिथे, चौकटीत."

"कुठे?"

"डावीकडे, सर."

त्यांनी फळा न्याहाळला. उजवीकडून मधोमध, परत उजवीकडे, पुढे भिंत, पुढे खिडकी. चौकटीतलं शून्य त्यांच्या डाव्या खांद्याला लागून होतं. मला राहवलं नाही. मी उभी राहून ओरडले, "अहो, डावीकडे बघा ना!" शेजारच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी अशी वळले की ते कार्टं बाकाखाली गेलं असेल.

हे पोरांकडे वळले. आवाज अगदी शांत. "मुलांनो, मघाशी शून्य आलं असं वाटलं, पण फळ्यावर ते कुठेही नाही. मग मी तुम्हाला जे सांगितलं ते मला सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करता येत नाही ते शिकवू नये." खडू त्यांनी नीट टेबलावर ठेवला. साबडे सरांना काही बोलावंच लागलं नाही. यांनी स्वतःच त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले.

घरी येऊन हे खुर्चीत बसले. मी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसले, मांडीवर पाटी. मला राग आला होता. त्यांचा नाही, रामदासाचा नाही. त्या अर्ध्या रेघेचा. मी म्हटलं, "तुमचं गणित खरं आहे. ऐका. तुम्ही फक्त अर्धी फेरी घेतलीत. वजा π ते शून्य राहिलं. त्याचं क्षेत्रफळ मी काढलंय. अधिक दोन तृतीयांश. तुमचं वजा, ते अधिक. मिळून शून्य. फिटंफाट. तुम्ही चुकला नाहीत हो. जे हरवलंय ते सगळं तिथे आहे, डावीकडे."

त्यांनी सगळं ऐकलं. समजलंही असावं, कारण ओठांनी हिशेब केला आणि मान डोलावली. मग फार हळू विचारलं, "डावीकडे? डावीकडे काय आहे, नलू?"

"मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी ताबडतोब मान वळवली, उजवीकडे, आणि त्या रिकाम्या खोलीत मला शोधत राहिले.