डोक्यामागे दोन बादल्या

उन्हाळा तापला आणि चाळीतला नळ फुसफुसून गप्प झाला. मालकांनी टँकर मागवले, पण तिसऱ्या टँकरला त्यांचा धीर सुटला. त्यांनी सगळ्या भाडेकरूंना जिन्याखाली गोळा केलं.

"हा जादा खर्च मी एकटा नाही सोसणार. डोक्यामागे वाटून घेऊ. बोला, कोणाची किती डोकी?"

एवढं म्हणायचा अवकाश, घराघरांतली माणसं आटायला लागली. दूधवाल्याची सासू कित्येक वर्षं त्याच्याकडेच होती, ती एकदम पाहुणी झाली.

"उद्याच जाणार त्या," दूधवाला म्हणाला.

"कुठे?" सासूबाईंनी मागून विचारलं.

शाळेतल्या बाईंनी मुलाला वगळलं. म्हणे, तो आंघोळ करतो कुठे!

"मास्तर, तुमचं एक," मालक शिंप्याला म्हणाले.

"दोन."

मास्तरांची बायको हिवाळ्यात गेली होती.

"अहो मास्तर..."

"दोन धरा. पैसे दोघांचे देतो."

लोकांना वाटलं, दुःखाने माणसाचं डोकं फिरलं. पण मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांच्या गॅलरीत, फुटक्या बादलीत, बायकोने लावलेलं लिंबाचं झाड होतं. इतक्या वर्षांत त्याने एकही लिंबू दिलं नव्हतं. ती रोज पाणी घालायची आणि रोज शिव्याही घालायची, "मेल्या, फुकट खातोस!" मालकांनी झाडांना पाणी बंद केल्यापासून मास्तर ओल्या फडक्याने अंग पुसून पाणी वाचवत होते, तरी पानं गळत होती.

संध्याकाळी टँकर आला आणि जमिनीतली टाकी भरून गेला. मालक टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले.

"मोटर लावून वर चढवणार नाही. नळाला आलं की हिशेब राहत नाही. डोक्यामागे दोन बादल्या, इथूनच न्यायच्या."

झालं! आटलेली माणसं पुन्हा भरून आली. बाईंच्या मुलाला आंघोळीची भलतीच ओढ लागली. दूधवाला म्हणाला, "सासूबाईंचं जाणं रद्द झालंय."

"मी पाहुणी ना?" म्हातारी म्हणाली. "मग मला आधी पाणी विचार."

"सकाळी सांगितलीत तेवढीच डोकी," मालक म्हणाले.

"मग मास्तरांना चार बादल्या कशा?" दूधवाला पेटला.

चार बादल्यांचं मास्तर करतात काय ते बघायला मालक त्यांच्या मागोमाग जिना चढले. मास्तर झाडाजवळ बादली घेऊन उभे होते.

"मास्तर, झाडांना बंदी आहे."

"हे तिच्या वाट्याचं पाणी. ते कोणाला घालायचं, हे मी तिला कधी सांगू शकलो नाही. तुम्ही बघा सांगून."

मालकांनी भाडं वाढवताना तिच्याशी एकदाच वाद घातला होता, आणि भाडं होतं तेवढंच राहिलं होतं. ते झाडाकडे बघून जिना उतरले.

मास्तरांनी तांब्याने सावकाश पाणी घातलं.

"पी मेल्या," ते म्हणाले. "आता फुकट नाही. पैसे भरलेत."